गुडघा पिळवटल्यावर: तो अडकतोय की दगा देतोय, हे कसे ओळखावे?

कबड्डीत चढाई करणारा खेळाडू मध्यरेषेकडे वळतो, पाय मातीत रोवलेला असतो आणि त्याच क्षणी कुणीतरी मांडीला मिठी मारते. शरीर वळते, पाऊल वळत नाही आणि मधला सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पावसात निसरड्या पायरीवरही हेच घडते. अशा दुखापतीत मुख्यतः दोन गोष्टी फाटतात. मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये दोन चंद्रकोरी गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. दुसरा असतो एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारा आणि वळताना गुडघा स्थिर ठेवणारा लिगामेंट. गादी फाटली की गुडघा अडकू शकतो आणि लिगामेंट तुटला की तो दगा देतो. हा फरक नीट सांगता आला, तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

पहिल्या दिवशी घड्याळ बघा

गुडघा किती वेळात सुजला, ते लिहून ठेवा. दोन तासांच्या आत टम्म फुगला असेल, तर आत रक्त साचल्याची शक्यता मोठी असते आणि तरुण खेळाडूत त्याचे सर्वांत नेहमीचे कारण एसीएल तुटणे हे आहे. अशा वेळी बऱ्याच जणांना ‘कट’ असा आवाज आलेला किंवा जाणवलेला असतो आणि खेळ पुढे चालू ठेवता येत नाही. फक्त गादी फाटली असेल, तर सूज बहुधा सावकाश, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत येते आणि कित्येक जण तो सामना पुरा करूनच घरी जातात. हा नियम पक्का नाही. गादीची बाहेरची कड रक्तपुरवठ्याची असते, तिथे फाटल्यास सूज लवकर येऊ शकते. वाटी सरकली किंवा हाड मोडले, तरीही तसेच होते.

बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा लावा. पाय उंच ठेवा, पण उशी टाचेखाली आणि पोटरीखाली घ्या. नुसत्या गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते खरे, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे सरळ करायला त्रास होतो. पहिले दोन-तीन दिवस शेक नको आणि मालीश नको. ‘ओढून बसवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती तर पाय अजिबात देऊ नका. अडकलेली गादी झटक्याने सरळ केल्यास आणखी फाटते.

पाऊल गार किंवा पांढरे पडले, बधिर झाले, वर उचलता येईना, किंवा गुडघ्याचा आकारच बदलला, तर वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जा. तिथे रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा गुडघा काटकोनापर्यंत वाकत नसेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्या.

खरेच अडकला आहे का?

‘पाय लॉक होतो’ असे लोक तीन-चार वेगळ्या गोष्टींना म्हणतात. कटकट आवाज येणे म्हणजे लॉक होणे नव्हे. बराच वेळ बसून उठताना आखडणे हेही नव्हे. खरा अडकलेला गुडघा वाकतो, पण शेवटचा थोडा भाग सरळ होत नाही. सरळ करू गेले की आत काहीतरी आडवे आल्यासारखे वाटते.

हे घरी तपासता येते. पलंगावर पालथे झोपा. मांड्या पलंगावर आणि गुडघ्याच्या वाट्या काठाच्या जरा बाहेर ठेवा. पाय सैल सोडा आणि घरच्या कुणाला तरी मागून दोन्ही टाचा बघायला सांगा. दुखऱ्या पायाची टाच वर राहिली, तर तो गुडघा तेवढा कमी सरळ होतोय. साधारण एक सेंटिमीटर फरक म्हणजे एक अंश, असा ढोबळ हिशेब डॉक्टर धरतात. पायावर दाब मात्र देऊ नका.

सूज आणि वेदनेमुळे मांडीमागचे स्नायू आकसतात, तेव्हाही गुडघा सरळ होत नाही. दोन्हींतला फरक काळ दाखवतो. आकसलेला स्नायू सूज उतरेल तसा सैल पडतो, मधे आलेली गादी तशीच राहते. पण हे पाहण्यासाठी महिनाभर थांबू नका. सरळ न होणारा गुडघा त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. गादीचा लांब तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून मधे येतो, आणि तो लवकर जागेवर नेला तर टाके घालून वाचवता येण्याची शक्यता जास्त असते.

दगा केव्हा देतो, ते आठवा

सरळ चालताना किंवा जिना उतरताना दुखून पाय ढिला पडत असेल, तर ते बहुधा मांडीच्या स्नायूचे काम असते. सुजलेल्या, दुखऱ्या गुडघ्यात तो स्नायू नीट आवळत नाही. एसीएलचा दगा वेगळा असतो. सरळ पळताना ठीक वाटते, पण वळताना, दिशा बदलताना किंवा उडी मारून उतरताना वरचे आणि खालचे हाड एकमेकांवरून सरकल्यासारखे वाटते. डॉक्टरांना ‘गुडघा दुखतो’ एवढेच सांगू नका, ‘उजवीकडे वळताना निसटतो’ असे सांगा.

एक उदाहरण

समजा, बावीस वर्षांच्या खेळाडूचा गुडघा वर सांगितल्याप्रमाणे पिळवटला. आवाज आला, तासाभरात सूज आली. एक्स-रे चांगला आला, म्हणून घरात सगळे निश्चिंत झाले. तीन आठवड्यांत सूज उतरली, तो चालू लागला आणि पुन्हा मैदानात गेला. वळताना गुडघा दोनदा निसटला, दर वेळी थोडा सुजला. चार महिन्यांनी मांडी घालून जेवायला बसला आणि उठताना पाय सरळच होईना.

इथे दोन दुखापती आहेत. आधी एसीएल तुटला. तो नसताना प्रत्येक दग्याला आतल्या बाजूच्या गादीवर भार आला आणि शेवटी ती फाटून मधे अडकली. चुकीचा टप्पा एक्स-रेचा होता: एक्स-रेत हाडे दिसतात, गादी आणि लिगामेंट दिसत नाहीत. तासाभरात आलेली सूज ऐकल्यावर, गुडघा थोडा शांत झाला की दोन आठवड्यांत पुन्हा हाताने तपासणी आणि गरजेनुसार एमआरआय, असे व्हायला हवे होते. तोवर वळण्याचे खेळ पूर्ण बंद.

पुढे काय

अडकलेल्या गुडघ्याला बहुधा दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते. ‘गादी शिवणार की कापणार?’ हे आधीच विचारा. कापली तर लवकर चालता येते, पण सांध्याची झीज वाढण्याचा धोका राहतो. शिवली तर कुबड्या आणि पट्टा काही आठवडे, खोल बैठक काही महिने बंद. फाटलेला भाग आतल्या, रक्त न पोचणाऱ्या कडेचा असेल तर टाके धरणे अवघड असते. पन्नाशीनंतर न अडकणाऱ्या गुडघ्याच्या एमआरआयमध्ये फाटलेली गादी दिसली, तर आधी व्यायाम. त्या वयात ती काहीच न दुखणाऱ्यांतही सापडते.

नुसता एसीएल तुटला असेल तर घाई नसते. आधी सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडीचा स्नायू परत आणायचा. चालणे, सायकल, शेतातले सपाट काम यात दगा नसेल, तर काही जणांचे व्यायामावर भागते. कबड्डी, फुटबॉल खेळायचेच असेल किंवा रोजच्या चालण्यातही गुडघा निसटत असेल, तर नवा लिगामेंट बसवण्याचा विचार होतो. त्यानंतर स्पर्धेत उतरायला किमान नऊ महिने लागतात, आणि तेव्हाही एका पायावरच्या उडीत दुखापत झालेला पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचला आहे का, हे फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्या.