टाळी, ताट, वाटी : अपूर्णांक कानाने शिकवायचे असतील तर

जे नव्याने मुलांना गणित शिकवायला लागलेत, किंवा संगीताच्या तासाला थोडं गणित आणायचं ठरवतायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. टाळ्या आणि स्टीलची भांडी घेऊन तालाचे खेळ घेणं दिसायला सोपं आहे, दोन मिनिटांत सगळा वर्ग वाजवायला लागतो, पण त्यातून अपूर्णांक कळतोच असं नाही. बरेचदा मुलं छान ताल धरतात आणि वहीत मात्र १/२ + १/३ = २/५ लिहून मोकळी होतात. म्हणून इथे मी एकच जोडी घेते, अर्धा आणि एक तृतीयांश, कारण ही जोडी नीट जमली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, ती म्हणजे पूर्ण काय आहे. तालात "एक" म्हणजे एक मात्रा पण असू शकते आणि अख्खं आवर्तन पण. मुलाला तुम्ही "अर्धा वाजव" म्हणालात तर तो कशाचा अर्धा? मी या खेळात आवर्तन म्हणजेच पूर्ण धरते, सम म्हणजे तालाचा पहिला ठोका, आणि समेपासून पुढच्या समेपर्यंतचा वेळ म्हणजे एक. आणि हे खेळ सुरू व्हायच्या आधी मुलांकडून वदवून घेते, कारण मध्येच बदललं की सगळा गोंधळ.

आता सामान. ताट एक, वाटी एक, दोन लाकडी चमचे. स्टीलवर स्टील मारू नका, बंद खोलीत कान बधिर होतात आणि मुलं आवाजाच्या मजेतच अडकतात. ताट एका मुलाने कडेला दोन बोटांत लोंबतं धरायचं आणि दुसऱ्याने वाजवायचं, म्हणजे ते घुमत राहतं. वाटी चटईवर पालथी ठेवायची, तिचा आवाज टक् असा लगेच संपतो. हा फरक मुद्दाम हवा, दोन सारखे आवाज एकत्र आले की कोण कुठे पडलं ते कळतच नाही. बाकीचा वर्ग टाळीवर.

मेट्रोनोमचं कुठलंही अ‍ॅप १२० वर लावा, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक टिक. सगळ्यांनी कुजबुजत एक ते सहा मोजायचं आणि परत एकवर यायचं, तीन सेकंदांचं एक आवर्तन झालं. टाळी फक्त एकवर, ती सम. हे स्थिर होईपर्यंत भांड्यांना हात लावू देऊ नका, इथे घाई केली की पुढे लय पळते.

मग ताट येतं. ताटाने आवर्तनाचे दोन सारखे भाग करायचे, म्हणजे एकवर आणि चारवर. हे थोडं चाललं की ताट थांबवायचं आणि वाटीला तीन सारखे भाग करायला सांगायचं, एक, तीन आणि पाचवर. दोन्ही वेगवेगळं जमल्याशिवाय एकत्र करायचं नाही. एकत्र केल्यावर जे ऐकू येतं ते असं:

धा ऽ वा ता वा ऽ

धा म्हणजे दोघं मिळून, वा म्हणजे वाटी, ता म्हणजे ताट. हे आधी तोंडाने म्हणून घ्या, भरपूर वेळा, हातात चमचा न देता. तोंडात बसलं की हाताला येतं, उलटं करायला गेलं तर दोन वाजवणारी मुलं एकमेकांकडे बघून वाजवतात आणि शेवटी दोघं एकच ताल धरून बसतात. असं झालंय हे ओळखायची खूण सोपी आहे, मधला "वा ता वा" सलग तीन ठोके ऐकू यायला हवेत, तो तुकडा हरवला की समजा एकजण दुसऱ्याच्या मागे गेला.

आता खरं गणित. चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "ताई, तीन मोठा ना, मग एक तृतीयांश अर्ध्यापेक्षा मोठा ना?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक वर्गात येतो. मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि एवढंच विचारलं, "समेनंतर आधी कोण वाजतं, वाटी की ताट?" ती म्हणाली वाटी. "मग कोणाला जास्त वेळ थांबावं लागलं?" थोडा वेळ ऐकून म्हणाली, "ताटाला. म्हंजे अर्धा मोठा." छेद मोठा तर तुकडा लहान हे वाक्य तिने आधी पाठ केलेलंच होतं, इथे ते तिने ऐकलं.

आणि याच जागी वजाबाकी पण लपलीय. समेपासून ताटाच्या दुसऱ्या ठोक्यापर्यंत अर्धा वेळ गेला, वाटीच्या दुसऱ्या ठोक्यापर्यंत एक तृतीयांश गेला. त्या दोन ठोक्यांच्या मधली फट म्हणजे १/२ − १/३. ती फट किती मोठी? बरोबर एक टिक, आणि आवर्तनात सहा टिक, म्हणून १/६. मुलांना आधी छेद सारखे करायला सांगायची गरजच पडत नाही, सहा टिकांशिवाय दोघांनाही जागा मिळत नाही हे ती आपणहून सांगतात, आणि मग तुम्ही म्हणू शकता की यालाच लसावि म्हणतात. मला हा क्रम फार आवडतो, नाव नंतर येतं आणि गोष्ट आधी.

बेरजेला मात्र एक खड्डा आहे आणि तो नवीन लोकांना दिसत नाही म्हणून इथे जरा थांबते. १/२ + १/३ वाजवायचं म्हणजे समेपासून अर्धा वेळ जाऊ द्यायचा, तिथे ताट, आणि ताटापासून पुढे एक तृतीयांश जाऊ द्यायचा, तिथे वाटी. ताट पडतं चारवर, त्यापुढे दोन टिक मोजले की वाटी पडते सहावर. आता मुलांना विचारा एकूण किती, सगळी ओरडतात "सहा! सहा छेद सहा, म्हणजे एक!" आणि त्यांचं मोजणं चुकलेलं नसतं, वाटी खरंच सहावर पडली. पण उत्तर ५/६ आहे.

कारण असं की ठोका हा फक्त एक क्षण आहे, त्याला लांबीच नाही. लांबी आहे ती दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेला. "एक" म्हणताना अजून काहीच वेळ गेलेला नसतो, "दोन" म्हणताना एक टिकाएवढा गेलेला असतो, तसं "सहा" म्हणताना पाचच गेलेत. मुलं ठोके मोजतात, आपल्याला फटी मोजायच्यात. हे शब्दांत समजावत बसू नका, डोक्यावरून जातं. त्याऐवजी वाटी वाजल्यावर विचारा, "आता सम यायला किती उरलं?" सगळ्यांना ऐकू येतं की एकच टिक उरला. पूर्ण व्हायला १/६ कमी, म्हणजे झालेत ५/६. हा प्रश्न मी प्रत्येक बेरजेनंतर विचारतेच, एवढी त्याची सवय लावून ठेवलीय.

फळ्यावर काढताना पण हीच काळजी. सहा चौकोनांची आडवी पट्टी काढा, पण ठोक्याची खूण चौकोनाच्या आत करू नका, चौकोनांमधल्या उभ्या रेघेवर करा. पहिली रेघ सम, शेवटची रेघ पुढची सम. ताटाची खूण रेघेच्या वर, वाटीची खाली. आता चौकोन म्हणजे वेळ आणि रेघ म्हणजे आवाज हे डोळ्यांना दिसतं, आणि संख्यारेषेवर जाताना काही नवीन शिकवावं लागत नाही, कारण ही संख्यारेषाच आहे, शून्यापासून एकपर्यंतची. चौकोनात खुणा केलेली पट्टी मुलं नंतर "एक, दोन, तीन" अशी वाचतात आणि परत त्याच खड्ड्यात.

तो २/५ वाला मुलगा आठवा. त्याला चूक आहे असं न सांगता विचारा, "२/५ पट्टीवर कुठे येईल, ताटाच्या आधी की नंतर?" पाचाचा अर्धा अडीच, दोन त्याहून कमी, म्हणजे अर्ध्याच्या आधीच. मग अर्ध्यात अजून काहीतरी मिळवून आपण अर्ध्याच्या मागे कसे गेलो? यावर वर्गात भांडण होऊ द्या, थोडा वेळ जातो पण जाऊ द्या.

लय पळणं हा दुसरा त्रास. लहान मुलांची आपसूक लय मोठ्यांपेक्षा जलद असते आणि जास्त ठोके वाजवायचे म्हटलं की ती अजून धावतात. तीन भाग वाजवणारा घाई करतो, आवर्तनच आखडतं, म्हणजे तुमचं पूर्णच लहान होतं आणि मग तृतीयांश हा तृतीयांश राहत नाही. ओळखायचं कसं, तर वाटीचा ठोका टाळीच्या आधी समेवर पोचतो. अशा वेळी वाटीवाल्याला ओरडू नका, टाळीच्या गटाला पायाने सहाही टिक चालायला लावा, आणि मेट्रोनोमचा आवाज वाढवा. फार सावकाश केलं तरी बिघडतं, टिक ६० वर नेला की दोन टिकांमधली फट मुलांना भरून काढता येत नाही, ती मध्येच अंदाजाने मारतात.

पुढची पायरी १/३ आणि १/४. याला बारा टिक लागतात, आवर्तन सहा सेकंदांचं होतं, पण रीत तीच. ताट १, ४, ७, १० वर, वाटी १, ५, ९ वर. इथे चारवर ताट आणि पाचवर वाटी, मधली एक फट म्हणजे १/१२, तीच १/३ − १/४. याच्यापुढे पाचचे भाग घेऊन तीस टिकांपर्यंत जायच्या फंदात मी पडत नाही, तिथे ताल सांभाळण्यातच सगळी शक्ती जाते आणि गणित बाजूला राहतं. अपूर्णांकांचा भागाकार पण या खेळातून नीट निघत नाही, त्यासाठी कागद कापणंच बरं.

ज्यांना स्टाफ नोटेशन येतं त्यांना एक सांगायचंय. सुरुवातीला लिहिलेले ३/४ किंवा ६/८ हे अपूर्णांक म्हणून शिकवू नका. अपूर्णांक म्हणून दोन्ही सारखेच, पण ६/८ मध्ये तीन-तीनचे दोन गट आणि ३/४ मध्ये दोन-दोनचे तीन, ऐकायला पूर्ण वेगळे. भातखंडे लिपीत एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली जो चंद्रकोरीसारखा कंस देतात तो मुलांना जास्त लवकर कळतो, कंसावरचं सगळं मिळून एक मात्रा, त्यात तीन अक्षरं असली तर प्रत्येकाला १/३. फक्त तिथे पूर्ण म्हणजे मात्रा आहे, आवर्तन नाही, तेव्हा ते वेगळ्या दिवशी घ्या आणि सुरुवातीलाच मुलांना विचारा, "आज आपलं एक म्हणजे काय?"