पियानोवर साइट-रीडिंग: थांबायचं नाही

एबीआरएसएमच्या पियानो परीक्षेत अनोळखी तुकडा वाजवण्याआधी अर्धा मिनिट मिळतं. त्यात बरेच विद्यार्थी पहिल्या स्वरापासून हळूहळू वाजवत जातात, दोन बार होतात आणि वेळ संपतो. हा वेळ अवघड जागा हेरण्यासाठी वापरावा.

एक नमुना घेऊ: जी मेजर, चार बीट्सचे आठ बार. आधी की सिग्नेचर पाहा आणि एफ शार्प कुठे येतो ते शोधा. समजा, तो सातव्या बारमध्ये आहे. पहिले चार बार उजवा हात जी ते डी या पाच स्वरांत राहतो, पाचव्यात वर सरकतो. सहाव्यात आठ क्वेव्हर्स आहेत. वेग या सहाव्या बारवरून ठरवा. मनात 'एक-नि-दोन-नि' मोजत तो बार वाचा. मिनिटाला ६० बीट्सच्या वेगाने स्वर स्पष्ट दिसत असतील, तर पहिला बार कितीही सोपा असला तरी ६० नेच सुरू करा. सोप्या सुरुवातीला भुलून ९० ने निघालेला हात सहाव्या बारमध्ये हमखास अडखळतो.

सुरू करण्याआधी एक पूर्ण बार मोजा. बोटं एक बीट वाजवत असताना डोळे पुढच्या बीटवर हवेत. लांब स्वर आला की नजर आणखी पुढे न्या: चौथ्या बारमध्ये चार बीट्सचा स्वर असेल, तर त्याच वेळात पाचव्यातली हाताची नवी जागा पाहून ठेवायची. सरावात कुणाला तरी पोस्टकार्ड धरायला सांगा. तुम्ही बीट वाजवायला घेतली की त्यांनी ती झाकायची. मग मागे पाहायला काही उरतच नाही. पट्ट्यांकडे खाली पाहण्याची सवयही मोडावी लागते. काळ्या पट्ट्यांचे दोन-तीनचे गट बोटांनी चाचपून जागा सापडते.

चूक झाली की हात आपोआप मागे जातो. रोजच्या रियाजात आपण चुकलेली जागा लगेच दुरुस्त करतो, तीच सवय इथे आडवी येते. पण चुकीचा स्वर एका बीटपुरता असतो, थांबल्याने मात्र पुढची सगळी लय तुटते. गायकाला साथ करताना तर गायक पुढे निघून जातो. म्हणून गोंधळ झाला की स्वर सोडा, मोजणं सोडू नका. पुढच्या बारच्या पहिल्या बीटवर निदान डाव्या हाताचा स्वर वाजवून पुन्हा सामील व्हा.

आपण थांबलो हे स्वतःला नेहमी कळत नाही. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना समान टाळी द्या. जिथे टाळी आणि वादन जुळत नाही, तिथे तुम्ही थबकलात. बहुधा ती जागा चूक झाली तिथली नसून त्याच्या थोडी आधीची असते, कारण अवघड स्वर दिसताच हात मंदावतो.

सरावाचे तुकडे चालू ग्रेडपेक्षा दोन ग्रेड खालचे घ्या. प्रत्येक तुकडा फार तर दोनदा वाजवा. तिसऱ्यांदा बोटं आठवणीवर चालतात, वाचन होत नाही.