सोनोग्राफीच्या प्रिंटचा फोटो वाचताना या चुका टाळा

फोटोत वरची पट्टी नसेल, तर मी काहीच सांगत नाही. नागपुरात स्त्रीरोग ओपीडीत सिस्टर म्हणून इतकी वर्षं काढली, की हा नियम आता मोडवत नाही. लोक बाळाचा चेहरा नीट यावा म्हणून फोटो कापतात आणि नेमकी वरची ओळ निघून जाते. त्या ओळीत पेशंटचं नाव असतं, सोनोग्राफी कोणत्या दिवशी झाली ते असतं, आणि बरेचदा LMP व GA असतं. LMP म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, GA म्हणजे त्या दिवशी किती आठवडे झाले ते. खालचे आकडे कितीही स्पष्ट असले, तरी मोजणी कोणत्या दिवसाची आहे हे कळल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. आठ सेंटिमीटर डोकं एका आठवड्याला बरोबर असतं, दुसऱ्या आठवड्याला कमी.

तारखेच्या क्रमाचंही तसंच. काही मशिनींत महिना आधी छापला जातो आणि दिवस नंतर. 10/11/2025 असं दिसलं की घरचे दहा नोव्हेंबर धरून बसतात, पण ती अकरा ऑक्टोबर असू शकते. हे ओळखायची माझी सवय सोपी आहे. सोनोग्राफी झाली तो दिवस तर घरच्यांना आठवतोच, म्हणून प्रिंटवर आधी तोच शोधायचा. तेवीस ऑगस्टला झालेली सोनोग्राफी 08/23/2025 अशी छापली असेल, तर त्या मशिनीवरची प्रत्येक तारीख महिना आधी धरून वाचायची.

दर वेळी नवी तारीख धरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण तिच्यामुळे खरोखर नुकसान होऊ शकतं.

प्रिंटवर बहुतेक वेळा दोन EDD असतात. एक EDD(LMP), म्हणजे पाळीवरून काढलेली बाळंतपणाची तारीख. दुसरी EDD(AUA). AUA म्हणजे त्या दिवशीच्या मापांवरून मशिनीने काढलेलं सरासरी वय. कंपनीप्रमाणे अक्षरं थोडी बदलतात, पण मामला हाच. दुसरी तारीख मशीन प्रत्येक सोनोग्राफीत नव्याने काढते. पाचव्या महिन्यात एक, आठव्यात दुसरी. लोक समजतात की शेवटची सोनोग्राफी नवी, म्हणजे तिची तारीख जास्त खरी. प्रत्यक्षात उलटं आहे.

पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास सारख्या वेगाने वाढतात. तेव्हा डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात, प्रिंटवर ती CRL असते. तिच्यावरून काढलेलं वय पाच ते सात दिवसांच्या आत बरोबर असतं. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या अंगाने वाढतं. कुणी दांडगं, कुणी बारीक. म्हणून अठ्ठावीस आठवड्यांनंतर मापांवरून काढलेलं वय तीन आठवड्यांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकतं. त्यामुळे पहिल्या सोनोग्राफीत तारीख एकदा पक्की झाली, की नंतरच्या कोणत्याही प्रिंटवरून ती हलवायची नाही.

काटोलकडची एक मुलगी होती, पहिलंच बाळंतपण. शेवटची पाळी 4 जानेवारी 2025. पहिली सोनोग्राफी 15 मार्चला झाली. पाळीवरून त्या दिवशी बरोबर दहा आठवडे होत होते, CRL वरून नऊ आठवडे पाच दिवस. फरक दोनच दिवसांचा, म्हणून पाळीचीच तारीख कायम राहिली : 11 ऑक्टोबर. डॉक्टरांनी फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने ती लिहून दिली होती.

23 ऑगस्टला तिची तिसरी सोनोग्राफी झाली. त्या प्रिंटवर BPD, म्हणजे डोक्याची रुंदी, 8.0 सेंटिमीटर होती. HC, डोक्याचा घेर, 29.0. AC, पोटाचा घेर, 26.0. FL, मांडीच्या हाडाची लांबी, 6.0. मशिनीने सरासरी काढली 31w2d, म्हणजे एकतीस आठवडे दोन दिवस, आणि त्याखाली नवी तारीख छापली, 23 ऑक्टोबर. नवऱ्याने नेमक्या त्या अर्ध्या भागाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाई म्हणाल्या, तारीख बारा दिवस पुढे गेली, बरंच झालं, दिवाळी झाल्यावर होईल सगळं. पुढची तपासणीही त्यांनी तितकीच लांबवली. तोच फोटो घेऊन ती मधे एकदा दुसऱ्या दवाखान्यात गेली. तिथे फाईल नव्हती, म्हणून त्यांनीही एकतीस आठवडेच धरले आणि वजन ठीक आहे म्हणून सांगितलं.

तिची आई माझ्या ओळखीची. तिने फोटो मला पाठवला, मी वरची पट्टी मागवली, आणि पाळीची तारीख पाहून बोटांवर आठवडे मोजले. 23 ऑगस्टला तेहेतीस आठवडे पूर्ण झाले होते. म्हणजे तारीख पुढे गेली नव्हती, बाळ मागे पडलं होतं.

आता तीच मापं पुन्हा पाहा. प्रत्येक मापाच्या पुढे मशीन त्याचं स्वतंत्र वय छापते. डोक्याची दोन्ही मापं बत्तीस आठवड्यांच्या आसपास होती, मांडीचं हाड एकतीसच्या आसपास, आणि पोटाचा घेर जेमतेम तीस. बाळाला पोषण कमी पडलं, की शरीर आधी मेंदू सांभाळतं आणि यकृतातला साठा वापरतं. त्यामुळे पोटाचा घेर सगळ्यात आधी मागे पडतो. चारही मापांची सरासरी काढली की ही गोष्ट त्या सरासरीत दडून जाते. म्हणून मी AUA कडे नंतर पाहते. आधी चारही ओळींची वयं एकाखाली एक वाचते आणि AC ची ओळ बाकीच्यांपासून किती लांब आहे ते बघते. लांब असली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

मी त्यांना दुसऱ्याच दिवशी फाईलसकट बोलावलं. डॉक्टरांनी नाळेच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी केली, ती सुदैवाने चांगली निघाली. मग दर आठवड्याला तपासणी सुरू झाली, बाळाची हालचाल मोजून लिहायला सांगितली. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, अडतीस आठवडे झाल्यावर, कळा आणून बाळंतपण केलं. बाळ दोन किलो तीनशे ग्रॅमचं, रडलं लगेच. 23 ऑक्टोबर धरून बसले असते, तर मागे पडलेलं बाळ जवळजवळ चार आठवडे जास्त आत राहिलं असतं.

पर्सेंटाइलला मार्क समजणं

याच प्रिंटवर EFW, म्हणजे बाळाचं अंदाजी वजन, 1645 ग्रॅम होतं. कुणीही बाळाला तराजूवर ठेवलेलं नसतं; वरच्या चार मापांवरून सूत्राने काढलेला तो आकडा आहे. मापाशेजारी Hadlock असं छापलेलं दिसतं, ते ज्यांचं सूत्र वापरलं त्यांचं नाव आहे, पेशंटचं किंवा आजाराचं नव्हे. या अंदाजात पंधरा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे इथे अडीचशे ग्रॅम इकडे किंवा तिकडे. त्यामुळे पाठोपाठच्या आठवड्यांत दोन ठिकाणी मोजून वजन शंभर ग्रॅमने कमी झालं म्हणून रडत येऊ नका. वाढ पाहायची तर दोन मोजण्यांत निदान दोन आठवड्यांचं अंतर हवं, आणि जमलं तर तीच मशीन.

वजनाशेजारी पर्सेंटाइल असतो. एक बाबा बावीस पाहून ओपीडीत येऊन बसले, कारण पस्तीसला पास असतं असं त्यांच्या डोक्यात. मी त्यांना सांगितलं : भाऊ, एकाच आठवड्याची शंभर बाळं वजनाप्रमाणे रांगेत उभी केली, तर तुमचं बाळ खालून बावीसावं. नापास कुणीच नाही. दहाच्या खाली गेलं की डॉक्टर बारकाईने बघतात, आणि तेव्हाही आईवडील बारीक चणीचे असतील तर बाळ नुसतंच लहान असू शकतं.

पण पर्सेंटाइल नेहमी कोणत्या तरी आठवड्याच्या रांगेतला असतो. काटोलच्या मुलीचं 1645 ग्रॅम एकतीस आठवड्यांच्या रांगेत ठीक दिसत होतं, तेहेतीसच्या रांगेत ते दहाच्या खाली होतं. बाळ तेच, वजन तेच, फक्त रांग चुकली होती. म्हणून पर्सेंटाइल वाचण्याआधी मशीनने कोणते आठवडे धरलेत ते शोधा.

बाकीच्या थोडक्यात

एकक बघा. 47 मिलिमीटर आणि 4.7 सेंटिमीटर एकच, तरी या महिन्यात बाळ आकसलं म्हणून विचारणारे दरवर्षी भेटतात.

कोपऱ्यात MI, TIb किंवा TIs लिहिलेलं असतं. ती मशीनच्या ध्वनिलहरींची पातळी आहे, बाळाचं माप नाही.

FHR म्हणजे हृदयाचे ठोके. मिनिटाला 110 ते 160 ही नेहमीची मर्यादा, नवव्या-दहाव्या आठवड्यात 170 पर्यंतही असतात. ठोक्यांवरून मुलगा-मुलगी कळतं हे साफ खोटं आहे. चित्रावरचं + चिन्हही तसंच. ते माप जिथून जिथे घेतलं त्या दोन टोकांची खूण आहे, म्हणूनच ते नेहमी जोडीने असतं आणि मधे ठिपक्यांची रेघ असते. एका आजीबाईंनी त्यावरून मुलगा ठरवून पेढे आणले होते. प्रिंटवर लिंग कुठेच लिहिलेलं नसतं. 1994 च्या कायद्याने ते सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे, आणि रिपोर्टखाली डॉक्टर तसं लिहूनही देतात. मला तो प्रश्न विचारणाऱ्याचा फोटो मी पुढे पाहत नाही.

फोटो कसा काढायचा

चित्राचा चकचकीत कागद उष्णतेने छापला जातो आणि उष्णतेनेच खराब होतो. नवतप्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं प्रिंट करडं पडून परत आलेलं मी पाहिलंय. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, गरम रोलरखाली पूर्ण काळं होतं. त्यापेक्षा घरी आल्याबरोबर, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात, कागद टेबलावर सपाट ठेवून चारही कडा दिसतील असा फोटो काढा. फ्लॅशने नेमका आकड्यांवर पांढरा डाग पडतो, आणि 3 चा 8 झाला की आठवडाच बदलतो. सोबत टाइप केलेल्या रिपोर्टचा फोटो काढा, कारण डॉक्टरांचं मत त्यात असतं, चित्रात नसतं. तिसरा फोटो पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टचा. हे तिन्ही एकत्र पाठवले, तर मी रात्री अकरालाही बघते आणि काही खटकलं तर सकाळी ओपीडीत पहिल्या नंबरला बोलावते.