कार्डाचा फोटो झूम करा, आधी लोगो वाचा

सीताबर्डीतल्या एखाद्या दुकानातून किंवा जुन्या वस्तू विकणाऱ्याकडून मेमरी कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तर किमतीआधी कार्डावरचा लोगो झूम करून बघा. मायक्रोएसडी या नावाला चिकटून एचसी किंवा एक्ससी अशी अक्षरं असतात. एचसी प्रकाराची मर्यादा 32 जीबी. त्यापुढे 2 टीबीपर्यंत सगळी कार्डं एक्ससी. म्हणजे मोठ्या आकड्यात 128 जीबी छापलंय आणि बाजूला बारीक एचसी आहे, तर तिथेच विषय संपला. नकली माल बनवणारे कधीकधी आकडा तेवढा बदलतात, लोगो जुनाच राहतो.

लोगो जुळला तरी कार्ड खरंच आहे असं मात्र नाही, हुशार नकलाकार तोही बरोबर छापतात. म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो मागवा, उजेडात, थोडे तिरपे धरून. अक्षरांच्या कडा फाटलेल्या, शाई पसरलेली किंवा छपाई वाकडी दिसली तर घेऊ नका. मागची बाजू पूर्ण कोरी असेल तर संशय धरा. नामांकित कंपन्यांच्या कार्डांवर सहसा क्रमांक असतो. विकणारा इंटरनेटवरचा गुळगुळीत फोटोच पाठवत राहिला, तर समजून जा भाऊ.

पेन ड्राइव्हला हा लोगो नसतो. तिथे कवचाचा जोड आणि आकड्याची छपाईच बघायची, आणि हा पुरावा कच्चाच. घेतल्यावर बिल सांभाळा आणि रिकाम्या ड्राइव्हवर H2testw हे जागा तपासणारं विंडोजचं सॉफ्टवेअर चालवून पूर्ण जागा भरून तपासा.