फोबोसचं गणित आणि त्रिज्येचा घोळ

उपग्रहाच्या गणितात सूत्रं तीनच, आणि ती पाठही पटकन होतात. तरी उत्तरं चुकतात, आणि बहुतेकांची चूक एकाच जागी होते: सूत्रातल्या r च्या जागी नेमकं कोणतं अंतर ठेवायचं, तिथे. हा घोळ नीट समजायचा तर ज्याचं उत्तर आकाशात आधीच ठरलेलं आहे असं उदाहरण घ्यावं. मंगळाचा चंद्र फोबोस त्यासाठी उत्तम, कारण तो मंगळाभोवती ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी मारतो हे निरीक्षणातून माहीत आहे. आपलं उत्तर तिथे पोचलं नाही, तर चूक आपली.

प्रश्न असा समजू. मंगळाचं वस्तुमान आणि त्रिज्या दिली आहे. फोबोस मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे ५,९९० किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्याचा कक्षीय वेग आणि परिभ्रमणकाळ काढा. शिवाय मंगळाचा मुक्तिवेग काढा.

आकडेमोडीला हात घालण्याआधी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एवढं लिहून ठेवा:

```
G  = 6.67 × 10⁻¹¹ N·m²/kg²
M  = 6.42 × 10²³ kg
GM = 4.282 × 10¹³ m³/s²

R = 3.39 × 10⁶ m            (मंगळाची त्रिज्या)
h = 5.99 × 10⁶ m            (पृष्ठभागापासूनची उंची)
r = R + h = 9.38 × 10⁶ m    (केंद्रापासूनचं अंतर)
```

G आणि M यांचा गुणाकार आधीच करून ठेवायचं कारण साधं आहे. तिन्ही सूत्रांत हे दोघे जोडीनेच येतात, सुटे कधीच नाहीत. दर वेळी नव्याने गुणलं की दर वेळी वेगळ्या ठिकाणी पूर्णांकन होतं आणि उत्तरं एकमेकांशी जुळेनाशी होतात. गंमत म्हणजे खगोलशास्त्रातही हा गुणाकारच जास्त अचूक माहीत असतो. उपग्रहांच्या आणि यानांच्या हालचालीवरून थेट GM मिळतो. नुसता G मात्र प्रयोगशाळेत मोजावा लागतो, आणि ते फार अवघड काम आहे. तक्त्यातलं ग्रहाचं वस्तुमान हे GM ला G ने भागूनच आलेलं असतं.

आता वेग. फोबोसला वर्तुळात फिरत ठेवणारं अभिकेंद्री बल मंगळाच्या गुरुत्वाकर्षणातून येतं, म्हणून दोन्ही बलं समान मांडायची:

```
GMm/r² = mv²/r
v = √(GM/r)
  = √(4.282 × 10¹³ / 9.38 × 10⁶)
  = √(4.565 × 10⁶)
  = 2137 m/s
```

दोन्ही बाजूंचा m कटला, हे नजरेतून सुटू देऊ नका. प्रश्नात उपग्रहाचं वस्तुमान दिलेलं असेल तर ते बहुधा तुम्हाला चकवण्यासाठी किंवा पुढच्या ऊर्जेच्या उपप्रश्नासाठी असतं. वेगाच्या सूत्रात त्याला जागा नाही.

वर्गमूळ काढताना दहाचा घातांक सम आहे ना, तेवढं बघा. इथे तो ६ आहे, त्यामुळे काम सोपं झालं. तो ७ असता तर आधी दशांशचिन्ह एक घर सरकवून घातांक सम करून घ्यावा लागला असता. हे विसरलं की उत्तर साधारण ३.१६ पटींनी चुकतं, म्हणजे दहाच्या वर्गमूळाइतकं. पुस्तकातल्या उत्तराला तुमच्या उत्तराने भागून ३.१६ किंवा ०.३१६ आलं, तर बाकी काही तपासत बसू नका, चूक इथेच आहे. त्याच न्यायाने वेगात ३१.६ पटींचा फरक दिसला, तर अंतर किलोमीटरमध्येच राहून गेलंय.

परिभ्रमणकाळ म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले वेग:

```
T = 2πr/v
  = 2 × 3.1416 × 9.38 × 10⁶ / 2137
  ≈ 27,580 s
```

३,६०० ने भागलं की ७ तास आणि वर ३९ मिनिटं नि काही सेकंद उरतात. निरीक्षणाशी जुळलं.

आता मुद्दाम चुकवून पाहू. r च्या जागी नुसती उंची, म्हणजे ५,९९० किलोमीटर ठेवली, तर वेग २,६७४ मीटर प्रति सेकंद येतो आणि काळ सुमारे ३ तास ५५ मिनिटं. ही उत्तरं दिसायला अगदी सभ्य आहेत. कुठेच काही खटकत नाही, आणि म्हणूनच ती धोकादायक. हीच चूक पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाच्या बाबतीत केली, तर वेग सेकंदाला साडेएकतीस किलोमीटर येतो. पृथ्वीचा मुक्तिवेगच ११.२ आहे, तेव्हा चूक ओरडून सांगते. उंची ग्रहाच्या त्रिज्येपेक्षा कमी असेल तर ही चूक उघडी पडते, कारण उपग्रह ग्रहाच्या पोटात फिरतोय असा हिशोब होतो. उंची त्रिज्येपेक्षा जास्त असली, जशी फोबोसची आहे, की ती बेमालूम लपते.

दुसरी चूक याहून चोरटी. वेग काढताना r बरोबर घेतलेला असतो, पण काळ काढताना, परीघ म्हटल्याबरोबर हात ग्रहाच्या त्रिज्येकडे जातो. मग काळ २ तास ४६ मिनिटं येतो. वेग बरोबर असल्यामुळे मागे वळून पाहावंसंही वाटत नाही.

दोन्ही चुका पकडायला एकच ताळा पुरतो. ग्रहाच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून फिरणाऱ्या काल्पनिक उपग्रहाचा काळ आधी काढून ठेवायचा:

```
v₀ = √(GM/R) = 3554 m/s
T₀ = 2πR/v₀  = 5993 s ≈ 100 मिनिटं
```

मंगळाभोवती कोणताही उपग्रह १०० मिनिटांहून कमी वेळात वर्तुळाकार फेरी मारू शकत नाही. पृथ्वीसाठी हाच आकडा ८४ मिनिटांच्या आसपास आहे. (हा काळ ग्रहाच्या केवळ सरासरी घनतेवर ठरतो, आकारावर नाही. मंगळ पृथ्वीहून विरळ, म्हणून त्याचा काळ जास्त.) आता केपलरचा तिसरा नियम लावा: अंतर जितक्या पट, काळ त्या पटीच्या दीड घाताइतका. r भागिले R हे २.७७ आहे. २.७७ ला त्याच्याच वर्गमूळाने गुणलं की ४.६ येतात. १०० मिनिटांच्या ४.६ पट म्हणजे ४६० मिनिटं, म्हणजे ७ तास ४० मिनिटं. यात मूळ आकडेमोडीतला काळाचा एकही टप्पा पुन्हा वापरलेला नाही, म्हणून हा ताळा विश्वासाचा. त्याच रांगेत पुन्हा तेच आकडे कॅल्क्युलेटरवर दाबणं म्हणजे ताळा नव्हे.

राहिला मुक्तिवेग. इथे प्रश्नाची भाषा नीट वाचावी लागते. नुसतं ‘ग्रहाचा मुक्तिवेग’ म्हटलं असेल तर तो पृष्ठभागावरचा, म्हणजे सूत्रात R:

```
vₑ = √(2GM/R)
   = √(25.26 × 10⁶)
   = 5026 m/s
```

पण ‘त्या कक्षेतून सुटण्यासाठी’ असं विचारलं असेल, तर R च्या जागी r येतो आणि उत्तर ३,०२२ मीटर प्रति सेकंद होतं. मुक्तिवेग कक्षीय वेगाच्या √2 पट असतो हे सगळ्यांना पाठ असतं. ते खरंही आहे, पण दोन्ही वेग एकाच अंतरावरचे असतील तरच. फोबोसच्या २,१३७ ला √2 ने गुणून ‘मंगळाचा मुक्तिवेग’ म्हणून लिहिणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचं उत्तर दोन हजारांनी कमी पडतं.

आणखी एक बारकावा, जो सहसा कोणी सांगत नाही. फोबोसच्या कक्षेइतक्या अंतरावर वर्तुळात फिरणारं यान आहे असं धरू. त्याला सुटायचं असेल तर ३,०२२ चा वेग नव्याने द्यावा लागत नाही, कारण २,१३७ त्याच्याकडे आहेतच. गतीच्याच दिशेने रेटा दिला तर ८८५ मीटर प्रति सेकंदाची भर पुरते. तोच रेटा मंगळापासून सरळ बाहेरच्या दिशेने दिला, तर आधीचा आणि नवा वेग काटकोनात बसतात, त्यांची बेरीज पायथागोरसच्या नियमाने होते, आणि भर पूर्ण २,१३७ ची लागते. सुटण्यासाठी एकूण वेग किती हवा हे दिशेवर ठरत नाही, पण वरून किती भर घालायची ते ठरतं.

ही सूत्रं कुठवर चालतात तेही पाहू. कक्षा वर्तुळाकार आहे असं आपण धरलं. फोबोसच्या कक्षेची विकेंद्रता ०.०१५ च्या आसपास आहे, म्हणून चाललं. कक्षा लांबट असेल तर वेग जागोजागी बदलतो आणि काळाच्या सूत्रात r च्या जागी अर्धदीर्घ अक्ष घ्यावा लागतो. शिवाय उपग्रह ग्रहापुढे नगण्य आहे असंही आपण धरलं. पृथ्वीचा चंद्र पृथ्वीच्या एक्क्याऐंशीव्या भागाइतका जड आहे. तिथे M च्या जागी दोघांची बेरीज न घेतल्यास काळात सुमारे ०.६ टक्क्याची चूक राहते.

आणि आपण काढलेला T म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भातली एक फेरी. मंगळावर उभं राहून घड्याळ लावणाऱ्याला तो दिसणार नाही, कारण मंगळ स्वतःही २४ तास ३७ मिनिटांत, त्याच दिशेने फिरतो. फोबोस त्याच्यापेक्षा वेगात पुढे जातो, त्यामुळे तिथल्या आकाशात तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. तो पुन्हा डोक्यावर यायला लागणारा वेळ दोन्ही फिरण्यांच्या वजाबाकीतून काढायचा:

```
1/T' = 1/7.66 − 1/24.62
T'   ≈ 11.1 तास
```

प्रश्नात ‘ग्रहावरील निरीक्षकाला’ हे दोन शब्द असतील, तर हे ११ तास लिहायचे. नसतील, तर ७ तास ३९ मिनिटं.