डेडलिफ्टला शू निसटते? या चुका टाळा

आमच्या जिममधल्या एक ताई दोन महिने फक्त काळ्या लेगिंगमध्येच यायच्या. कारण नंतर कळलं, ७० किलो डेडलिफ्टच्या चौथ्या रेपला थोडी शू निसटायची. त्यावर त्यांनी स्वतःच शोधलेला उपाय म्हणजे पाणी कमी पिणं आणि दिवसभर केगल, म्हणजे शू रोखणारे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम. दोन्ही उलटेच पडले, कारण घट्ट लघवीने मूत्राशय आणखी चिडतं आणि सारखा आवळून ठेवलेला स्नायू आधीच दमलेला असतो, ऐन वजनाच्या वेळी तो अजून काय आवळणार? आवळल्यावर पूर्ण सैल सोडणंही तितकंच जमलं पाहिजे.

खरी गडबड बहुतेकदा जोर कुठे जातो यात असते. श्वास धरणं वाईट नाही, जड वजनाला तो लागतोच, पण बऱ्याच जणी पोट फुगवून बद्धकोष्ठ झाल्यासारखं खाली कुंथतात. घरी बघा, टॉवेलची गुंडाळी करून खुर्चीवर तिच्यावर बसा आणि डेडलिफ्टसारखा ब्रेस घ्या, म्हणजे श्वास धरून पोट घट्ट करा. खालचा भाग टॉवेलवर दाबला जातोय असं वाटलं तर तुम्ही कुंथताय. श्वास बरगड्यांत, पाठीत चारही बाजूंनी भरा, फुल्ल नाही, साधारण पाऊण, आणि खालून हलकंसं वर उचलल्यासारखं करून मग उचला. बार गुडघ्यांच्या वर गेला की तोंडाने हळू श्वास सोडत उभं राहून बघा, काहींना एवढ्यानेच फरक पडतो. बेल्टही एक भोक सैल करा, करकचून आवळला की दाब खालीच ढकलला जातो.

आता प्रोग्रॅम. ताई ७० किलोचे ५ रेपचे ३ सेट करायच्या आणि गळायचं शेवटच्या दोन रेपना, म्हणजे नुसतं वजन नाही तर थकवाही नडत होता. मग ६५ किलो, ३ रेपचे ५ सेट केले, एकूण रेप तेच १५. मध्ये ३ मिनिटं आराम, आणि प्रत्येक रेपला बार जमिनीवर पूर्ण टेकवून नवा श्वास (आपटून उचलणं बंद!). डेडलिफ्टच्या आधी दोरीउड्या मारायच्या त्या दुसऱ्या दिवशी ढकलल्या. अख्खा आठवडा कोरडा गेला तर अडीच किलो वाढवायचे, नाहीतर तिथेच थांबायचं. ७० ला पोचल्यावर वजन तेच ठेवून आधी ४ रेप, मग ५. गळलं की तो सेट तिथेच संपला, "अजून एकच" नाही.

पण खाली जड वाटत असेल, काहीतरी बाहेर येतंय असं वाटत असेल, किंवा दुखत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा पेल्विक फ्लोअरवाल्या फिजिओला दाखवा. डिलिव्हरीनंतर परत सुरू करताना तर वजनाला हात लावायच्या आधीच.