दोन लोन ऑफर्सचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवण्याआधी

पर्सनल लोनच्या दोन ऑफर्स फोनवर आल्यात आणि दोन्हीचे स्क्रीनशॉट काढून कुठली बरी ते ठरवायचंय, तर त्याआधी काय काय बघायचं ते लिहितोय. व्याजदर बघा हे सांगायची गरज नाही, तो सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मागच्या वेळी मी तोच बघून घेतलं. तीन लाखांचं लोन मंजूर झालं आणि खात्यात दोन लाख नव्वद हजारसुद्धा आले नाहीत, आणि कॉलेजची फी भरायची होती पूर्ण तीन लाख, मग वरचे पैसे मेहुण्याकडून उसने. म्हणून पहिली गोष्ट, आणि खाली परत परत सांगणार आहे, कंटाळलात तरी: खात्यात प्रत्यक्ष किती पडणार तो आकडा दोन्ही स्क्रीनशॉटमध्ये दिसलाच पाहिजे.

स्क्रीनशॉट काढायच्या आधी दोन्ही ॲपमध्ये रक्कम आणि मुदत सारखी करून घ्या. ॲप उघडलं की स्लायडर त्यांना सोयीच्या जागी असतो, बऱ्याचदा लांब मुदतीवर, कारण ईएमआय छोटा दिसतो. तीन लाख, १४ टक्के, ३६ महिने धरले तर ईएमआय १०,२५३ आणि एकूण परतफेड ३,६९,१०८. तेच ४८ महिने केले की ईएमआय ८,१९८, बघायला किती छान, पण एकूण जातात ३,९३,५०४, म्हणजे चोवीस हजार जास्त, दर तोच असून. ३६ ची ऑफर ४८ च्या शेजारी ठेवून काहीच कळत नाही, वेळ फुकट.

आता पहिला स्क्रीन पुरत नाही. खाली स्क्रोल करा, 'ब्रेकअप' किंवा 'व्ह्यू डिटेल्स' असं काहीतरी असतं ते उघडा आणि त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. तिथे प्रोसेसिंग फी असते, तिच्यावर १८ टक्के जीएसटी असतो (फीवर, लोनवर नाही, हे विचारणारे भेटलेत मला), आणि कधी कधी विम्याचा हप्ता आधीच टिक करून ठेवलेला असतो. नको असेल तर टिक काढा आणि आकडे बदलले की स्क्रीनशॉट पुन्हा घ्या. हे सगळं वजा होऊन खाली एक ओळ येते, खात्यात जमा होणारी रक्कम. हीच ती. ही नसेल तर तो स्क्रीनशॉट अर्धवट आहे, पुढे जाऊच नका.

उदाहरण घेऊ, दोन्हीकडे तीन लाख आणि ३६ महिने. पहिली ऑफर १३ टक्के, प्रोसेसिंग फी ३ टक्के. दुसरी १४ टक्के, फी सरसकट ९९९ रुपये. कुणीही पहिलीच घेईल ना? पहिलीचा ईएमआय १०,१०८, एकूण परतफेड ३,६३,८८८. दुसरीची मघाशी बघितली, ३,६९,१०८. इथपर्यंत पहिली पाच हजारांनी स्वस्त, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात, कारण दोन्ही स्क्रीनशॉटमध्ये 'एकूण परतफेड' ठळक असते. पण त्या आकड्यात आधीच कापलेली फी नसते! पहिलीची फी ९,००० आणि जीएसटी १,६२० म्हणजे १०,६२० कापून हातात पडतात २,८९,३८०. दुसरीचे जीएसटी धरून १,१७९ जातात, हातात २,९८,८२१. आता परतफेडीतून हातात आलेले वजा करा. पहिलं लोन पडलं ७४,५०८ ला, दुसरं ७०,२८७ ला. म्हणजे एक टक्का महाग दिसणारी ऑफर चार हजारांच्या वर स्वस्त, आणि सुरुवातीला हातात साडेनऊ हजार जास्त येतात ते वेगळंच.

तर वजाबाकी एकच आहे: एकूण परतफेड वजा खात्यात पडलेली रक्कम. मंजूर रक्कम वजा करू नका, खात्यात पडलेली. मंजूर तीन लाख हा फक्त व्याज मोजायचा आकडा आहे, फी म्हणून जे पैसे तुम्हाला मिळालेच नाहीत त्यांच्यावरही तुम्ही तीन वर्षं व्याज भरताय.

खरा दर काढायचा असेल तर एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये हे टाका, पहिल्या ऑफरचे आकडे आहेत:

```
=RATE(36,-10108,289380)*12
```

उत्तर साधारण साडेपंधरा टक्के येतं (सेल टक्केवारीत करा, नाहीतर ०.१५ असं काहीतरी दिसेल). दुसरीचं साधारण १४.३. तिसऱ्या जागी काय टाकायचं? खात्यात पडणारी रक्कम. तीन लाख टाकलेत तर उत्तर १३ येईल आणि आपण होतो तिथेच.

'फ्लॅट' असा शब्द कुठेही बारीक अक्षरात दिसला तर सावध. फ्लॅट दरात व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर लागतं, तुम्ही फेडत गेलात तरी. तीन लाखांवर ८ टक्के फ्लॅट म्हणजे वर्षाला २४,००० प्रमाणे तीन वर्षांचे ७२,०००, परतफेड ३,७२,०००. म्हणजे ८ टक्केवालं हे लोन वरच्या १४ टक्केवाल्यापेक्षा महाग, फी धरायच्या आधीच. एजंट व्हॉट्सॲपवर स्वतः बनवलेला तक्ता पाठवतो त्यात हे फार चालतं, त्यामुळे त्याच्या तक्त्याची तुलना ॲपच्या स्क्रीनशॉटशी करू नका, केएफएस मागा.

केएफएस म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल लोनला ते द्यावंच लागतं, तुम्हाला समजेल अशा भाषेत. त्यात एपीआर असतो, म्हणजे फी, विमा वगैरे धरून वर्षाचा दर, आणि केएफएसमध्ये न लिहिलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. दोन्हीचे एपीआर हाताशी असतील तर वरचं गणित पडताळायला पुरे. तरी खात्यात पडणारी रक्कम बघाच, एपीआर बघून कॉलेजची फी भरली जात नाही.

लोन लवकर बंद करायचा विचार असेल तर फोरक्लोजर चार्ज बघा, आणि मोठ्या फीची ऑफर अजूनच टाळा, फी परत मिळत नाही आणि कमी दराचा फायदा मिळायला तेवढा वेळच राहत नाही. '१०.५ टक्क्यांपासून' यातलं 'पासून' वाचा. पहिल्या हप्त्याची तारीख बघा. ऑफर बदलतात, दोन्ही स्क्रीनशॉट एकाच दिवशीचे घ्या.

घरच्या ग्रुपवर टाकताना पॅन आणि खाते नंबर झाका. तिथे कोणीतरी फक्त ईएमआय बघून 'पहिली घे' म्हणणारच, त्यांना खात्यात पडणारी रक्कम वाचून दाखवा.